गौरी जेवायला येताय ना? मग माझ्या लेकाला असं भेटा

गौरी-गणपतीत आमच्या कोथरूडच्या घरी दिवसभर माणसांची ये-जा असते आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. माझा नऊ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, म्हणून आम्ही कुणाला बोलावणं थांबवलेलं नाही. पण माणसं दारातून आत आल्यावरची पहिली दोन मिनिटं त्याला फार जड जातात. तेवढ्या दोन मिनिटांबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

आपल्याकडे मूल दिसलं की काय होतं, ते आठवून बघा. बेल वाजते, एकदम पाच-सहा जण आत येतात. सगळे एकाच वेळी बोलत असतात. कुणीतरी मोठ्यानं म्हणतं, "काय रे पैलवान! ओळखलंस का मला?" तो खाली बघतो. मग हनुवटीला धरून चेहरा वर केला जातो: "इकडे बघ ना माझ्याकडे!" गालगुच्चा होतो, केसांतून हात फिरतो. यात कुणाच्याही मनात प्रेमाशिवाय काही नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझा मुलगा मात्र कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळतो, आणि बाहेर चर्चा सुरू होते की लाजाळू आहे, मोबाईल फार बघतो का, जरा माणसांत मिसळायला शिकवा.

तो लाजत नाही. पंखा, कुकरची शिट्टी, खालच्या मांडवातला ढोल आणि तुमचं बोलणं, यांतलं काय ऐकायचं आणि काय मागे टाकायचं ही निवड आपल्या डोक्यात आपोआप होते. त्याच्या डोक्यात ती तशी होत नाही, सगळं सारख्याच जोरानं येऊन आदळतं. त्यात उत्साहाचा मोठा आवाज म्हणजे आणखी एक धक्का. स्पर्शाचंही तसंच. केसांवरून हलकेच फिरवलेला हात, गालाला लावलेलं बोट, असे न सांगता आलेले हलके स्पर्श अनेक ऑटिस्टिक मुलांना सगळ्यांत जास्त खुपतात. हाच मुलगा रात्री मला घट्ट मिठी मारून झोपतो. त्याची मिठी तो स्वतः सुरू करतो आणि स्वतः सोडतो, हा सगळा फरक आहे.

नजरेला नजर न देणं म्हणजे दुर्लक्ष करणं, हा गैरसमज तर जाता जात नाही. 2017 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी ऑटिस्टिक व्यक्तींना चेहऱ्यांच्या डोळ्यांकडेच बघायला लावून मेंदूचं स्कॅनिंग केलं. तेव्हा भावनांशी संबंधित, मेंदूच्या आतल्या भागांत इतरांपेक्षा जास्त खळबळ दिसली. अनेक ऑटिस्टिक प्रौढ हेच स्वतःच्या शब्दांत सांगतात, की डोळ्यांत बघत राहिलं तर समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. माझा मुलगा खिडकीकडे बघत असतो तेव्हा बहुतेक वेळा तो तुमचंच ऐकत असतो.

आता माझ्या मालूमावशीबद्दल सांगते. सदाशिव पेठेत राहते, सत्तरी ओलांडलेली आहे. मागच्या वर्षी गौरी जेवायला यायच्या आदल्या दिवशी तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा फोटो पाठवला. मी तो लेकाला दाखवून सांगितलं, "उद्या बारा वाजता मालूआजी येणार." ती आली ती गर्दीच्या आधी. चपला काढल्या, त्याच्यापासून चार हात लांब, सोफ्याच्या कडेला, त्याच्याकडे थोडी पाठमोरी अशी बसली. तो जमिनीवर ठोकळ्यांची मेट्रो मांडत होता. नेहमीच्या आवाजापेक्षा जरा हळू ती म्हणाली, "मी मालूआजी. मी इथे बसले आहे. तुझं चालू दे." बस, एवढंच.

यातली खुबी अशी, की तिनं प्रश्नच विचारला नाही. "ओळखलंस का?", "शाळा कशी आहे?", "कितवीत आहेस?" हे आपल्याला साधे वाटतात. पण त्याला आधी प्रश्न ऐकायचा, मग उत्तर शोधायचं, मग ते तोंडातून काढायचं, आणि तेही चार माणसं टक लावून बघत असताना. त्याला आठ-दहा सेकंद तरी लागतात. आपण तिसऱ्या सेकंदाला तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो आणि बिचाऱ्याची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते. साध्या विधानाला उत्तर द्यावंच लागत नाही. द्यावंसं वाटलं तर देता येतं.

थोड्या वेळानं मावशी म्हणाली, "मी आज मेट्रोनं आले. डेक्कनला बसले, आयडियल कॉलनीला उतरले." आणि गप्प बसली. बराच वेळ काही नाही. मग ठोकळ्यांवरची नजर न हलवता तो म्हणाला, "पुढील स्थानक आनंदनगर." मेट्रोतल्या घोषणेच्या सुरात, जसंच्या तसं. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांचं बोलणं असं ऐकलेल्या वाक्यांतून येतं. ते वाक्य म्हणजे त्याचा नमस्कार होता. मावशीला ते कळलं. ती म्हणाली, "हो, आणि त्याच्यापुढे वनाज." तिथे कुणी "असं नाही, नमस्कार म्हण" असं सुधारलं असतं, तर सगळं तिथेच संपलं असतं.

आईवडिलांनाही एक सांगणं आहे. "काकांना नमस्कार कर, पाया पड, पापा दे" असा तगादा चारचौघांत लावू नका. आपल्या नको म्हणण्याला किंमत नाही, हे मूल त्यातून शिकतं, आणि ते शिकणं पुढे धोक्याचं ठरतं. मी स्वतःच पाहुण्यांना सांगते, "तो त्याच्या वेळेनं येईल." कुणाला राग येतो. येऊ दे.

त्याला जड होतंय हे ओळखायचं कसं? खांदे कानांकडे जातात, तो पाठ फिरवतो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा आणि वरच्या पट्टीत म्हणू लागतो. तेव्हा बोलणं थांबवा आणि दोन पावलं मागे या. हात फडफडवणं मात्र घाबरल्याचंच लक्षण मानू नका. आनंद झाला तरी तो हात फडफडवतो. हे प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून आईला किंवा बाबांना आधी विचारलेलं बरं. काही मुलांना टाळी द्यायला आवडते, काहींना जोरात हसणारी माणसंही आवडतात.

मोठ्या माणसांच्या बाबतीत तर आपण फारच चुकतो. आमच्या सोसायटीत तिशीतला एक ऑटिस्टिक तरुण आहे. लिफ्टमध्ये लोक त्याच्यासमोर त्याच्या आईला विचारतात, "हा आज कामावर नाही गेला?" किंवा त्याच्याशी लहान बाळाशी बोलावं तसं लाडं लाडं बोलतात. तो नोकरी करतो, पगार कमावतो. त्याच्या वयाच्या कुणाशीही बोलाल तसं, थेट त्याच्याशी बोला. त्याच्या समोर उभं न राहता शेजारी उभं राहा. हात पुढे करण्याआधी विचारा, "हात मिळवलेला चालतो का तुम्हाला?" नाही म्हणाला तर "बरं" म्हणा आणि विषय सोडा. काही ऑटिस्टिक माणसं हात मिळवतात, डोळ्यांतही बघतात, पण त्यासाठी दिवसभराची शक्ती खर्च करतात. समोरच्याला ते दिसत नाही, म्हणूनच विचारायचं. हा तरुण मला लिफ्टमध्ये काहीच म्हणत नाही. पण सणाच्या दिवशी सकाळी सातला त्याचा शुभेच्छांचा मेसेज न चुकता येतो. मीही आता त्याला मेसेजच करते.