सोळाव्या वर्षी सात तास झोप पुरते का?

"वय वाढतं तशी झोप कमी लागते, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला मोठ्यांसारखी सात तास झोप पुरे. आठवड्याची सरासरी सात तास भरली की झालं. सकाळी उठवत नाही तो आळस; रात्री दहाला दिवे घालवा, आपोआप झोपतील."

घरोघरी ऐकू येणाऱ्या या सल्ल्याची सुरुवात अर्धी खरी आहे, म्हणून ती पटकन पटते. वयाबरोबर आकडा उतरतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसकट १० ते १३ तास लागतात, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२, मोठ्यांना किमान ७. पण मधली पायरी गाळून चालत नाही. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये तेरा ते अठरा या वयासाठी ८ ते १० तास सांगितले आहेत.

यामागचं एक जुनं काम फार बोलकं आहे. १९७०च्या दशकात झोपेच्या संशोधक मेरी कार्स्काडन यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दर उन्हाळ्यात मुलांचं झोपेचं शिबिर भरवलं. तीच मुलं वर्षामागून वर्ष यायची आणि त्यांना रोज रात्री दहा तास अंथरुणात मिळायचे. मुलं मोठी होतील तशी झोप कमी होत जाईल, अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. वय वाढलं तरी ती नऊ तासांच्या आसपासच झोपत राहिली. दिवसा दर दोन तासांनी त्यांना अंधाऱ्या खोलीत आडवं करून डोळा लागायला किती मिनिटं लागतात तेही मोजलं. वयात आलेल्या मुलांचा डोळा, रात्री तेवढीच झोप होऊनही, लहानांपेक्षा लवकर लागत होता. म्हणजे या वयात कमी होते ती मिळणारी झोप. गरज तेवढीच राहते.

आता सरासरी. एक मुलगा धरा. शाळेच्या पाच रात्री साडेअकराला आडवा होतो, सहाला गजर होतो. डोळा लागायला वीस मिनिटं जातात, म्हणजे हातात उरतात ६ तास १० मिनिटं. सुट्टीच्या दोन रात्री बारा ते दहा, म्हणजे ९ तास ४० मिनिटं. आठवड्याची बेरीज ५० तास १० मिनिटं, भागिले सात, ७ तास १० मिनिटं. कागदावर "सात तास भरले". प्रत्यक्षात सातपैकी पाच रात्री तो आठ तासांच्या जवळपास दोन तास मागे आहे. शिवाय झोपेचा मध्य २:५५ वरून ५:१० वर सरकला. घरबसल्या सव्वादोन तासांनी घड्याळ बदललं! रविवारी रात्री झोप येत नाही, ती यामुळेच.

गटाची सरासरी तर आणखी फसवते. दहा मुलांपैकी चार साडेनऊ तास झोपतात आणि सहा सात तास, तरी सरासरी बरोब्बर आठ येते. "वर्गाची झोप पुरेशी" म्हणायला मोकळे, आणि निम्म्याहून जास्त वर्ग कमी झोपलेला. म्हणून विचारायचं ते हे: आठ तासांच्या खाली किती जण? तेही शाळेच्या रात्री. २०१५च्या एका सरकारी पाहणीत अमेरिकेतल्या हायस्कूलच्या सुमारे ७३ टक्के मुलांनी शाळेच्या रात्री आठ तासांहून कमी झोप सांगितली होती. हे मुलांनी स्वतः सांगितलेलं; अशा उत्तरांत लोक बहुधा अंथरुणातला वेळ धरतात, त्यामुळे खरी झोप त्याहून थोडी कमीच निघते.

आळसाबद्दल. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढतं आणि जागं राहिल्यामुळे साचणारी झोपेची ओढही सावकाश चढते. दहाला दिवे घालवले तर मूल अंधारात छताकडे बघत पडतं. मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, उजेड आणि गप्पा दोन्ही झोप लांबवतात. पण घड्याळाचं हे सरकणं त्याने सुरू केलेलं नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहरात २०१६ मध्ये हायस्कूल ७:५० ऐवजी ८:४५ला भरू लागलं. बदलाआधीच्या आणि नंतरच्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर हालचाल नोंदवणारी यंत्रं बांधून पाहिलं, तर झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली होती. आळशीच असते तर तेवढंच उशिरा झोपले असते.

आपल्या घरातल्या मुलाचं बघायचं असेल, तर लांब सुट्टी हाताशी असते. गजर बंद ठेवा आणि पहिले चार-पाच दिवस सोडून द्या, ती उधारीची फेड असते. त्यानंतर रोज आपण होऊन जाग येईपर्यंत किती तास होतात, ते आठवडाभर लिहा. साडेआठ-नऊला आकडा स्थिरावला, तर तीच त्याची गरज. दहा तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील किंवा रात्री जोरात घोरणं असेल, तर तास मोजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.