छापलेली अक्षरं आणि कुकरच्या शिट्ट्या

«व्हिडिओवरच मजकूर छापला की कॅप्शनचं काम झालं.»

नाही हो, अर्धंच झालं. माझ्या आईला कमी ऐकू येतं आणि चष्म्याचा नंबरही मोठा आहे. चित्रातच छापलेली अक्षरं तिला मोठी करता येत नाहीत, स्वयंपाकाच्या व्हिडिओत पांढरी अक्षरं पांढऱ्या ओट्यावर आली की दिसतही नाहीत. उभ्या व्हिडिओत खालची ओळ तर अ‍ॅपच्या बटणांखालीच जाते. तेच कॅप्शन वेगळ्या .srt फाइलमध्ये दिलं, तर यूट्यूबवर अक्षरांचा आकार आणि मागचा रंग बघणाऱ्याला बदलता येतो. ही साधी टेक्स्ट फाइल असते: क्रमांक, सुरू-बंद होण्याची वेळ, खाली मजकूर. इंग्रजी सबटायटल हवे असतील तर वेळा तशाच ठेवून फक्त मजकूर बदलायचा.

दुसरं म्हणजे, नुसतं बोलणं उतरवून भागत नाही. मी आमटीच्या व्हिडिओला कॅप्शन केलं होतं. त्यात बाई म्हणते, «एवढ्या झाल्या की गॅस बंद करा.» आईने विचारलं, एवढ्या म्हणजे किती? शिट्ट्या मी लिहिल्याच नव्हत्या! मग [कुकरची तिसरी शिट्टी] अशी ओळ घातली.