चढा आवाज म्हणजे राग? खानदेशी बोलण्यावरच्या मेसेजला उत्तर

"खानदेशी माणूस प्रेमानं बोलला तरी भांडतोय असं वाटतं, कारण तो खरंच रागात असतो. आवाजाचं शास्त्रच सांगतं: सूर चढला, बोलायचा वेग वाढला, आवाज खरखरला की राग. पटत नसेल तर सोबतची क्लिप ऐका, केळी भरतानाची."

हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवरही फिरतोय आणि आपलीच माणसं हसून पुढे पाठवताहेत. शास्त्राचं नाव घेतलंय, तर त्या शास्त्रात काय आहे ते एकेक करून बघू.

आधी सूर. राग आला की श्वास जोरात होतो, स्वरयंत्राचे स्नायू ताणले जातात, स्वरतंतूंखाली हवेचा दाब वाढतो. त्यामुळे सूर वर जातो, त्याचा चढ-उतार मोठा होतो आणि आवाजही मोठा होतो. इथवर मेसेज बरोबर आहे. पण पोराची नोकरी लागल्याचं कळलेल्या बापाच्या शरीरातही अगदी हेच होतं. सूर चढतो तो शरीराच्या उत्तेजनेमुळे, आणि ती उत्तेजना सुखाची की संतापाची हे नुसता सूर सांगत नाही. युस्लिन आणि लौक्का या संशोधकांनी २००३ मध्ये बोलण्यातल्या भावनांवरचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. उंच सूर, सुराचा मोठा पल्ला, वाढलेला वेग या तिन्ही खुणा त्यांना रागात सापडल्या आणि आनंदातही.

एक उदाहरण घेऊ. अहिराणीत घरी आलेल्या भाच्याला मामा विचारतो, "कवय उना रे भो?" कधी आलास रे. हेच वाक्य भाचा ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा उगवला तरी तोंडातून निघतं. समजा, मामाचं रोजचं बोलणं ११० ते १६५ हर्ट्झमध्ये फिरतं. म्हणजे वरचा सूर खालच्याच्या दीडपट, सा ते प एवढं अंतर. आनंदात तो १४० ते २८० मध्ये गेला, रागात १५० ते ३०० मध्ये. दोन्ही वेळा पल्ला बरोबर दुप्पट, खालच्या सा पासून तार सा पर्यंत. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण घोळ इथेच होतो. सुराचा पल्ला नुसत्या हर्ट्झमधल्या वजाबाकीनं मोजायचा नसतो, पटीनं मोजायचा असतो. मामीचं साधं बोलणं २०० ते ३०० मध्ये असेल तर वजाबाकी १०० येते, मामाची ५५. म्हणून मामी जास्त भावूक झाली का? नाही, दोघांचाही पल्ला सा ते प एवढाच आहे.

मग कान राग आणि आनंद वेगळे करतात कशावर? माझ्या मते मेसेजनं ज्याकडे बघितलंच नाही, तिथेच उत्तर आहे. "उना" हा शब्द जवळून ऐका. उ म्हणताना ओठांचा चंबू होतो. आनंदानं बोलणाऱ्याचे ओठ मात्र हसू आल्यामुळे ताणलेले असतात, चंबू नीट होत नाही. ओठ मागे ओढले गेले की स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी थोडी आखूड होते आणि तोंडात घुमणाऱ्या वारंवारता वर सरकतात. तो उ जरा उजळ, पातळ ऐकू येतो. म्हणूनच फोनवर तोंड न बघताही समोरचा हसतोय हे कळतं. त्यापुढचा "ना" आनंदात लांबतो, सूर सलग वळण घेऊन उतरतो. रागात "कवय"चा क दणक्यात सुटतो, प्रत्येक अक्षरावर आघात पडतो आणि "ना" छाटल्यासारखा संपतो. स्वरतंतू घट्ट दाबून मिटतात, त्यामुळे आवाजाचा जोर वरच्या वारंवारतांकडे जास्त जातो आणि धार येते. पल्ला तोच राहिला तरी वळणं बदलतात.

वेगाचं थोडक्यात. भडकलेला राग वेगात बोलतो, पण दात-ओठ खाऊन बोललेला राग संथ असतो, आणि घरात जास्त भीती त्याचीच वाटते. शिवाय वेग मोजायचा तर दोन वाक्यांमधले थांबे वगळून एका सेकंदाला किती अक्षरं पडतात ते मोजावं लागतं. खळखळून बोलणारा माणूस न थांबता बोलतो म्हणूनही भरभर वाटतो.

खरखरीला मी पूर्ण नाकारत नाही. ताठ, दाबलेला, अनियमित कंप असलेला आवाज रागाकडे झुकतो हे खरं. पण खरखर तंबाखूनं येते, सर्दीनं येते, दिवसभर ओरडून काम केल्यानंही येते. म्हणून त्या माणसाचं रोजचं शांत बोलणं हाताशी असल्याशिवाय कुठल्याच खुणेला अर्थ नसतो. एखाद्याचा नेहमीचाच आवाज मोठा आणि भरड असेल, तर तो त्याचा पाया. राग किंवा आनंद त्या पायापासून आवाज किती आणि कुठे हलला यावर ओळखायचा. पुण्याच्या कानानं पुण्याचा पाया धरून धुळ्याचा माणूस मोजला, तर तो चोवीस तास रागातच दिसणार. मेसेजची खरी चूक हीच आहे, आणि तिच्यापायी आमच्या पोरांना कॉलेजात "हळू बोल, भांडतोस काय" ऐकावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परका कान किती चुकतो यावरही काम झालंय. शेरर आणि सहकाऱ्यांनी जर्मन नटांकडून निरर्थक वाक्यं वेगवेगळ्या भावनांत बोलवून घेतली आणि ती नऊ देशांतल्या लोकांना ऐकवली. २००१ मध्ये छापलेल्या त्या निकालात सरासरी ६६ टक्के उत्तरं बरोबर आली. म्हणजे भावना बऱ्याच अंशी भाषेपलीकडे पोहोचते, पण आपल्या बोलीपासून लांब गेलं की नेम ढळतो. त्यातही आवाजावरून राग पटकन ओळखू येतो, आनंद मात्र वारंवार चुकतो. चेहऱ्याचं याच्या उलट असतं, तिथे आनंद सगळ्यात सोपा. शिवाय हे नटांचे आवाज होते, भावना ठळक करून दाखवलेले. रोजच्या बोलण्यात ती याहून पुसट असते.

आता ती क्लिप. ट्रकचं इंजिन चालू आहे, दोघं केळीचे घड चढवताहेत आणि एकमेकांना काहीतरी सांगताहेत. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्यानं आणि वरच्या सुरात बोलतो. फ्रेंच डॉक्टर लोंबार यांनी १९११ मध्येच हे नोंदवलं, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. मोठ्यानं बोललं की आवाजातली धारही वाढते. वर मोबाइल तोंडाशी धरलेला, त्यामुळे लाटांचे माथे कापले गेलेत. माथे कापले की मूळ आवाजात नसलेल्या वरच्या वारंवारता तयार होतात आणि साधा आवाज फाटका, खरखरीत ऐकू येतो. प्राटसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती क्लिप उघडली तर लाटांचे शेंडे सपाट झालेले स्पष्ट दिसतात. त्यातल्या पहिल्या माणसाच्या दुसऱ्या वाक्यात शेवटचा स्वर लांबलाय, खाली सलग उतरलाय, आणि त्यानंतर दुसरा हसलाय.