130वा क्रमांक आणि 6.9 वर्षांची शाळा

“आपली अर्थव्यवस्था जगात पहिल्या पाचांत, मग मानव विकासात 130वा क्रमांक कसा? तुम्ही तिकडे राहता, तुम्हीच सांगा, हा निर्देशांक नेमकं मोजतो तरी काय?”

संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या मानव विकास अहवालावरून घरच्या मंडळींनी मला अमेरिकेत हा प्रश्न लिहून पाठवला. तो वाचून एका निवृत्त बँक अधिकारी काकांनी लगेच उत्तर दिलं, “लोकसंख्या मोठी, म्हणून वाटा लहान.” काकांचं निम्मं बरोबर आहे. एकूण उत्पन्न माणशी वाटलं की भारत बराच खाली येतो. पण चीनची लोकसंख्याही जवळपास तेवढीच आहे, आणि त्याच अहवालात चीन 78वा आहे. शिवाय माणसं जास्त म्हणून सरासरी आयुष्य किंवा शाळेची वर्षं आपोआप घटत नाहीत. क्रमांकावर भांडण्यापेक्षा एकदा गणितच मांडून बघू. ते कागदावर मावतं.

अहवालात भारताचे 2023 चे चार आकडे आहेत. सरासरी आयुर्मान 72 वर्षं. आज शाळेत दाखल होणारं मूल एकूण 13 वर्षं शिकेल अशी अपेक्षा. पंचविशी ओलांडलेल्यांनी प्रत्यक्षात घेतलेलं शिक्षण सरासरी 6.9 वर्षं. आणि दरडोई उत्पन्न 9,047 डॉलर, तेही प्रत्येक देशातल्या किमती लक्षात घेऊन जुळवलेले. आयुर्मानाची पट्टी 20 ते 85 अशी आहे, म्हणून 72 मधून 20 वजा करून 65 ने भागायचं. येतात 0.8. शिक्षणात 13 ला 18 ने आणि 6.9 ला 15 ने भागून दोन्हींची सरासरी घ्यायची, ती 0.591. उत्पन्न सरळ मोजत नाहीत, त्याचा लॉगॅरिदम घेतात. पट्टी 100 ते 75,000 डॉलर, आणि भारताला मिळतात 0.681. या तिघांच्या गुणाकाराचं घनमूळ काढलं की 0.685 येतं, म्हणजे अहवालात छापलेला आकडा.

आता एक प्रयोग. उद्या दरडोई उत्पन्न दुप्पट झालं आणि बाकी काहीच हललं नाही, तर निर्देशांक 0.685 वरून 0.719 वर जाईल. तेवढीच वाढ शिक्षणातून हवी असेल तर प्रौढांची सरासरी 6.9 वरून सुमारे 9.6 वर्षांवर न्यावी लागेल. खरी अडचण इथे आहे. ही सरासरी पंचविशीपुढच्या सगळ्यांची असते. आज पहिलीत बसलेलं मूल तिच्यात यायला एकोणीस वर्षं जातील, आणि चाळीस वर्षांपूर्वी ज्या मुलींना शाळेत घातलंच नाही त्या अजून तिच्यात आहेत. म्हणून एखाद्या सरकारच्या पाच वर्षांचं श्रेय किंवा दोष या आकड्यात शोधणं मला चुकीचं वाटतं. घरच्या वादात दोन्ही बाजू नेमकं तेच करतात.

लॉगॅरिदम का, असं एका भाच्याने विचारलं. गरिबीत वाढलेले हजार डॉलर आयुष्य बदलतात, श्रीमंतीत तेवढ्यांनी फारसं काही हलत नाही, एवढंच त्यामागचं कारण. 75,000 च्या वरचं उत्पन्न तर मोजतच नाहीत. त्याचा दुसरा प्रश्न होता, “म्हणजे कुणी अमेरिकेत गेलं की त्याचा भारताचा 0.685 जाऊन अमेरिकेचा 0.938 होतो?” नाही. हा आकडा देशाचा, माणसाचा नाही. आणि देशाच्या बाबतीतही पैशाचं आयुष्यात रूपांतर आपोआप होत नाही. कोस्टा रिकाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे, तरी तिथली माणसं सरासरीने अमेरिकेपेक्षा थोडी जास्तच जगतात.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी घेतलेला आक्षेप मला सगळ्यांत बोचला. 2010 पर्यंत तिन्ही भागांची साधी सरासरी घेत, त्यानंतर गुणाकार आला. या नव्या सूत्राचा एक परिणाम त्यांनी मांडून दाखवला. भारताचं आयुर्मान एका वर्षाने घटलं तर निर्देशांक जेवढा खाली येतो, तेवढाच तो दरडोई सुमारे 750 डॉलर कमी झाल्यावरही येतो. अमेरिकेसाठी हाच हिशेब सुमारे 7,750 डॉलरचा होतो. म्हणजे सूत्राच्या पोटात गरीब देशातल्या आयुष्याच्या वर्षाला दहापट कमी मोल आहे. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन यांनी याच मुद्द्यावर टीका केली होती. सूत्राच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ही किंमत नाहीच, एका भागातली कमतरता दुसऱ्या भागातल्या भरभराटीने झाकली जाऊ नये म्हणून गुणाकार आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि माझा निर्णय अजून झालेला नाही.

अमर्त्य सेन यांची मूळ कल्पना या आकड्यापेक्षा खोल आहे. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी 1990 मध्ये पहिला मानव विकास अहवाल काढला, तेव्हा इतकं सगळं एका आकड्यात कोंबायला सेन सुरुवातीला नाखूशच होते. त्यांचा प्रश्न असा: माणसाला काय करता येतं, काय होता येतं? उपास करणारा आणि उपाशी राहणारा, दोघांच्या पोटात सारखंच काही नसतं. फरक एवढाच की पहिल्याला जेवता आलं असतं.

परदेशात हा फरक अगदी जवळून दिसतो. अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याची जोडीदार एच-4 या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर असते. समजा तिच्याकडे अभियांत्रिकीची पदवी आहे, तब्येत ठणठणीत, घरचं उत्पन्न भरपूर. निर्देशांक जे जे मोजतो त्या सगळ्यात ती वरच्या टोकाला. तिला पुढे शिकता येतं, पण नोकरी करून पगार घेता येत नाही. 2015 पासून काही जणींना वर्क परमिट मिळू लागलं, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-140 अर्ज मंजूर असावा लागतो. कंपनीने तो केलाच नसेल, तर तिने स्वतः काहीही केलं तरी उपयोग नाही. “घरात पैसा येतोय ना, मग तक्रार कसली?” असं काकांनी विचारलं. शेजारच्या घरात तिच्याएवढंच शिकलेली, ग्रीन कार्ड असलेली बाई मुलांसाठी स्वतःहून नोकरी सोडून बसलेली असते. दोघी घरीच, दोघींचे आकडे सारखे. पण एकीला सोमवारपासून कामावर जाता येईल, दुसरीला नाही.

भारतात तिच्याच वर्गातली मैत्रीणही घरी असू शकते. तिला कायदा अडवत नाही. रात्री परतायला भरवशाचं वाहन नसतं, मूल सांभाळायला कुणी नसतं, किंवा सासरी चालत नाही. पदवी दोघींकडे एकच, पण ती कामाला लागत नाही याची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. इथे व्हिसाचा नियम बदलावा लागेल. तिकडे वाहतूक, पाळणाघरं आणि घरातली कामाची वाटणी. उत्पन्न दुप्पट झालं तर निर्देशांक 0.719 होईल, आणि दोघी तरीही घरीच असतील.