अकरा-अकरा खेळवलं की पोझिशन कळते?

“बारा वर्षांखालच्या पोरांनाही पूर्ण मैदानावर अकरा-अकरा खेळवा, तरच पोझिशन कळते. चार-चार म्हणजे टाइमपास. मॅचला चांगली पोरंच उतरवा, बाकीची बाहेर बसून बघून शिकतात.”

पालकांच्या ग्रुपवर हे फिरतंय. मी नेरूळला याच वयाच्या पोरांना फुटबॉल शिकवतो.

पोझिशनचं आधी बोलू. चार-चारला आम्ही पतंग मांडतो: एक मागे, दोन कडेला, एक पुढे. ज्याच्याकडे बॉल, त्याला पास द्यायला तिघं दिसली पाहिजेत. सुरुवातीला सगळी बॉलमागे घोळका करतात. मग ‘पतंग कुठे गेला?’ एवढंच विचारायचं. तेवढ्याने भागलं नाही, तर मधले गोलपोस्ट हटवून दोन्ही टोकांना कोपऱ्यांजवळ कोनांची दोन-दोन छोटी दारं लावायची. एका दाराशी गर्दी झाली की दुसरं मोकळं पडतं, आणि पोरं आपणहून पसरतात.

टाइमपासचं म्हणाल, तर मोजून बघा. अकरा-अकराला बावीस पोरांत एक बॉल, इथे आठांत एक. संघातलं सगळ्यात गप्प पोर निवडा आणि दहा मिनिटं त्याचे टच मोजा. मी मोजले तेव्हा मोठ्या मैदानावर विंगला उभ्या पोराचे तीन झाले. चार-चारला मोजणंच अवघड गेलं.

सोळा पोरं आणि सव्वा तास असला, तर पहिली पंधरा मिनिटं प्रत्येकाला एकेक बॉल, साइज चार, आणि ड्रिब्लिंग करत पकडापकडी. मग साधारण ३० बाय २० मीटरची दोन मैदानं आखून आठ-आठ मिनिटांचे पाच सामने. मध्ये पाणी आणि संघ बदलणं. उरलेल्या वेळात गोलकीपरसह आठ-आठ, कारण चार-चारला कीपर नसतो. लांब पास आणि ऑफसाइडही त्यात येत नाहीत, हे कबूल. पंधराच आली, तर एका मैदानावर चार विरुद्ध तीन, आणि तगडं पोर तिघांत.

आता बाहेर बसण्याचं. सात-सातची मॅच, ४० मिनिटं, पोरं दहा. चार-चार मिनिटांचे दहा तुकडे करा. पहिल्या तुकड्यात यादीतले १, २, ३ बाहेर, मग ४, ५, ६, मग ७, ८, ९, मग १०, १, २. असं फिरत गेलं की प्रत्येक जण तीन तुकडे बाहेर बसतो आणि २८ मिनिटं खेळतो. ग्लोव्ह्जही फिरवायचे. शेवटच्या तुकड्यात ८, ९, १० बाहेर राहतात, म्हणून पुढच्या मॅचला यादी दुसऱ्या नावापासून सुरू करायची. बाहेर गेलेला परत येऊ शकतो का, हे मात्र एंट्री भरण्याआधीच आयोजकांना विचारून घ्या.

तो कागद आणि घड्याळ मी एका पालकाच्या हातात देतो. एका गोलने मागे असलो की माझाच हात थरथरतो: तिसऱ्या नंबरला आत घ्यायची वेळ होते आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघतो.