काजूचे नवे दर कळवताना नुसती तारीख लिहून भागत नाही

काजू बी बाजारात यायला लागली की सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग, लांजा अशा सगळ्या पट्ट्यातल्या छोट्या काजू कारखान्यांतून मुंबई-पुण्याच्या दुकानदारांना एकच निरोप जातो: "१ तारखेपासून दर वाढत आहेत, नोंद घ्यावी." महिनाभर जी वादावादी चालते, तिचं मूळ या एका ओळीत असतं. १ तारखेपासून म्हणजे नक्की काय? त्या दिवशी आलेली ऑर्डर, त्या दिवशी जमा झालेले पैसे, गाडीत चढलेला माल, की त्या तारखेचं बिल? कारखानदाराच्या मनात बिल असतं आणि दुकानदाराच्या मनात ऑर्डर. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, म्हणून भांडण मिटत नाही.

एक हिशोब मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका. ३२० नंबरचा काजूगर किलोला ८२० रुपये होता, तो ११ एप्रिलपासून ८७५ होणार आहे. दादरच्या दुकानदाराने ९ एप्रिलच्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "३२० चे पाच डबे पाठवा." १० किलोचा डबा, म्हणजे ५० किलो माल. गाडी मिळाली १३ तारखेला आणि बिल त्याच दिवशी नव्या दराने फाडलं. फरक किलोला ५५, म्हणजे ५० किलोला २,७५० रुपये, वर ५ टक्के जीएसटी धरून २,८८७ रुपये ५० पैसे. दुकानदार तेवढी रक्कम कापून बाकीचे पैसे पाठवतो. मग ती रक्कम वर्षभर उधारीच्या वहीत लोंबकळत राहते आणि दर वेळी फोनवर तोच विषय निघतो.

यावर उपाय म्हणजे पत्रात तीन तारखा लिहायच्या आणि प्रत्येक तारखेला काय झालेलं असलं पाहिजे तेही लिहायचं. जुन्या दराची ऑर्डर कधीपर्यंत घेणार, त्या ऑर्डरची आगाऊ रक्कम खात्यात कधीपर्यंत जमा हवी, आणि तो माल कारखान्यातून कधीपर्यंत निघणार. पहिल्या दोन तारखा एकच ठेवाव्यात, त्यातच शहाणपण आहे. नुसत्या ऑर्डरला वजन नसतं. दर वाढणार म्हटल्यावर "लिहून ठेवा आपले दहा डबे" असं कुणीही सांगतो आणि पुढच्या आठवड्यात विसरतो. निम्मी रक्कम आली की ऑर्डर पक्की. तिसरी तारीख आठ-दहा दिवस पुढची ठेवावी, कारण गाडी मिळणं आपल्या हातात नसतं. शिमग्याच्या दिवसांत माणसं गावी असतात आणि आंब्याच्या हंगामात ट्रान्सपोर्टवाले पेट्या आधी घेतात, डबे मागे राहतात. गाडी आपल्या बाजूने उशिरा आली तर त्याचा भुर्दंड दुकानदाराने का सोसायचा? म्हणून पैसे वेळेत आले असतील तर दर जुनाच लागला पाहिजे, बिलावर तारीख कुठलीही असो.

पत्राचा मजकूर साधारण असा असावा:

"सप्रेम नमस्कार. दरपत्रक क्रमांक २, दिनांक २५ मार्च २०२६. या आधीची सर्व दरपत्रके रद्द. जुन्या दराची ऑर्डर व तिची निम्मी आगाऊ रक्कम शुक्रवार, १० एप्रिल २०२६, संध्याकाळी ६ पर्यंत आमच्या खात्यात जमा व्हावी. वेळ बँकेतील नोंदीप्रमाणे धरली जाईल. हा माल सोमवार, २० एप्रिलपर्यंत आमच्याकडून रवाना होईल व जुन्याच दराने बिल होईल. १० एप्रिल, संध्याकाळी ६ नंतरच्या सर्व ऑर्डरना नवे दर लागू. ३२० नंबर: जुना दर ८२०, नवा दर ८७५. दर किलोचे, १० किलोच्या डब्यात, जीएसटी व गाडीभाडे वेगळे."

वार लिहायला विसरू नका. "१० एप्रिल" वाचून माणूस पुढे जातो, "शुक्रवार" वाचला की आपल्या आठवड्यात बसवून बघतो. जुना आणि नवा दर एकाच ओळीत हवा. नुसता नवा दर लिहिला तर दुकानदार जुनी यादी शोधत बसतो आणि शेवटी फोन करतो. असे तीस-चाळीस फोन आले की कारखान्यातलं एक माणूस दिवसभर त्यातच अडकतं. जीएसटी धरून की वेगळा, भाडं कुणाचं, हेही त्याच ओळीत हवं. जुनी यादी जीएसटी धरून आणि नवी जीएसटी वेगळा अशी असेल, तर वाढ कागदावर कमी दिसते आणि बिलात जास्त येते. दुकानदार ते लक्षात ठेवतात.

मुदत किती द्यावी? माझ्या मते दोन आठवड्यांपेक्षा कमी नाही. दुकानदाराची खरेदीची एक फेरी तरी त्यात बसली पाहिजे. केटरर किंवा मिठाईवाला असेल तर त्याने पुढच्या लग्नाचा दर आधीच देऊन ठेवलेला असतो. त्याला चार दिवसांची मुदत दिली तर वाढ सगळी त्याच्या खिशातून जाते. महिन्यापेक्षा जास्त मुदतही नको, कारण तेवढ्या काळात बीचा भाव परत हलतो आणि सुधारित यादीची सुधारित यादी काढायची वेळ येते. ३१ मार्च ही शेवटची तारीख शक्यतो टाळावी. त्या आठवड्यात दुकानदार वर्षाचा साठा मोजत असतात, त्यांना नवा माल आत घ्यायचा नसतो.

मुदतीइतकाच महत्त्वाचा आहे प्रमाणाचा आकडा, आणि नेमका तोच बहुतेक पत्रांत नसतो. महिन्याला तीन डबे उचलणारा दुकानदार वाढीची बातमी कळली की वीस डबे मागतो. असे दहा जण निघाले तर गेल्या हंगामातल्या बीचा माल संपतो आणि जुन्या दराची ऑर्डर भरायला नव्या भावाची बी फोडावी लागते. असे फक्त २० डबे जादा गेले तरी २०० किलोवर किलोमागे ५५ रुपयांनी ११,००० रुपये गेले. आणि साठवलेला माल दुकानात उन्हाळाभर राहिला, डबा फुटून हवा लागली की खवट होतो आणि तक्रार कारखान्याच्या नावावर येते. म्हणून पत्रात एक ओळ घालावी: "जुन्या दराने गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी मासिक खरेदीच्या दीडपट माल मिळेल." तीन डबेवाल्याला साडेचार येतात, पाच द्या. आकडा सगळ्यांना एकाच सूत्राने लावला तर कुणी रुसत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला गुपचूप जास्त दिलं की ते बाजारात दोन दिवसांत कळतं.

आता "का वाढवले?" या प्रश्नाचं उत्तर. "महागाईमुळे" असं लिहू नये, ते कुणाला पटत नाही. हिशोब दोन ओळींत सांगता येतो. साधारण चार किलो बी फोडली की एक किलो गर मिळतो. बी चांगली असेल तर थोडा जास्त. म्हणजे बी किलोला १२ रुपयांनी वाढली की गरामागे ४८ रुपये वाढले. पण ही सरासरी झाली. समजा १०० किलो गरात ७० किलो अख्खा, २० किलो पाकळी आणि १० किलो तुकडा निघतो. वाढीव खर्च ४,८०० रुपये. तुकडा बेकरीवाले घेतात, तिथे किलोला २० च्या वर वाढ चालत नाही. पाकळीला ३५ चालते. तिथून २०० आणि ७०० असे ९०० सुटले. उरलेले ३,९०० अख्ख्या ७० किलोवर पडले, म्हणजे किलोला ५५-५६. म्हणून "सरसकट अमुक टक्के वाढ" लिहिणारं पत्र मला चुकीचं वाटतं. त्यात तुकडा विकला जात नाही आणि अख्ख्या गरात तोटा होतो. प्रत्येक नंबरची वाढ वेगळी आणि तिचं कारण असं सांगता येण्यासारखं असलं की दुकानदारही आपल्या गिऱ्हाइकाला तेच सांगतो.

पत्र पोचलं की नाही, हा वेगळा भाग. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला तो निरोप जातच नाही. दुकानदाराने फोन बदलला की हे हमखास होतं. पाठवलेल्या निरोपाची माहिती उघडली की कुणाला पोचला आणि कुणी वाचला हे नावानिशी दिसतं. तिसऱ्या दिवशी ती यादी काढावी, ज्यांची नावं नाहीत त्यांना वेगळा निरोप पाठवावा आणि फोन करून तारीख तोंडी सांगावी. मुदतीच्या दोन दिवस आधी सगळ्यांना एक आठवण. दराचा फोटो करून पाठवत असाल तर क्रमांक आणि तारीख फोटोवरच हवी, खाली लिहिलेल्या मजकुरात नको. फोटो पुढे पाठवताना मजकूर सहज गळतो आणि गेल्या वर्षीची यादी नवी म्हणून परत तुमच्याकडेच येते.

११ तारखेच्या सकाळी जुने दर जिथे जिथे उरलेत तिथून काढायचे: व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, आपोआप जाणारं उत्तर, कारखान्याबाहेरचा फळा. टॅलीत दरयादी ठेवत असाल तर नव्या यादीची `Applicable From` तारीख ११ एप्रिल घाला. जुन्या दराच्या पक्क्या ऑर्डरी मात्र वेगळ्या लिहून ठेवा, नाहीतर बिल करणारा मुलगा २० तारखेपर्यंतच्या मालालाही नवाच दर लावून मोकळा होतो.

पाकिटातला माल विकणाऱ्यांना एक अडचण जास्त आहे. दुकानात असलेल्या पाकिटावर जुनी एमआरपी छापलेली असते आणि त्यावर वाढीव किमतीचा स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी करायची असेल तरच स्टिकर चालतो, तोही मूळ छपाई न झाकता. म्हणजे जुनी पाकिटं जुन्याच किमतीला संपणार. दुकानदाराला हे आधी सांगा आणि नव्या एमआरपीची पाकिटं कुठल्या पॅकिंगपासून येतील तेही लिहा. पिशव्या छापून घेताना किमतीची जागा कोरी ठेवून ती पॅकिंगच्या दिवशी शिक्क्याने मारली, तर हजारो पिशव्या वाया जात नाहीत.

शेवटी १० तारखेची संध्याकाळ. सहा वाजून वीस मिनिटांनी कुणाचे तरी पैसे येतातच, आणि फोनही येतो, "शेठ, तेवढा जुन्याच दरान देशात मा?" एनईएफटी आणि यूपीआय दोन्ही चोवीस तास चालतात, त्यामुळे बँक बंद होती हे कारण उरलेलं नाही, पण पैसे मध्येच अडकू शकतात. म्हणून रात्री बारापर्यंत जमा झालेले पैसे सगळ्यांचेच धरायचे असं कारखान्यात आधीच ठरवून ठेवावं. पत्रात वेळ सहाचीच राहू द्या. बारानंतर आलेल्याला त्याच दिवशी कळवा की ऑर्डर नव्या दराने लागेल, नको असेल तर रक्कम परत पाठवतो. उत्तर येईपर्यंत त्याचा डबा गाडीत चढवू नका.