विषय: रेटिंगबाबत

पुण्यात एचआरमध्ये २२ वर्षं काढली. त्यातली ६ वर्षं कंपनीच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या ज्या समितीला सगळे 'पॉश कमिटी' म्हणतात तिच्यावर होते. कंपनीचं नाव लिहिणार नाही, विचारू नका. आज जे लिहितेय त्यात चूक माझीच आहे, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नव्हतं.

एक मुलगा होता, तिशीच्या आतला, सोलापूरकडचा. कामाला चोख. दोन वर्षं सलग पाचपैकी चार रेटिंग. तिसऱ्या वर्षी एकदम दोन, आणि लगेच ६० दिवसांचं पीआयपी, म्हणजे काम सुधारून दाखवायची मुदत. त्याने मला मेल केला, विषयाच्या ओळीत लिहिलं होतं 'रेटिंगबाबत'. आत दीड पान: मॅनेजर टार्गेट करतात, मीटिंगमध्ये बोलू देत नाहीत, चांगलं काम दुसऱ्याला देतात. असे मेल अप्रेझलच्या महिन्यात मला रोज चार-पाच यायचे. मी त्याला बोलावलं, 'फीडबॅक मनाला लावून घेऊ नको रे' वगैरे ऐकवलं आणि परत पाठवलं. पंधरा मिनिटांत फाइल बंद.

महिन्याभराने त्याने राजीनामा दिला. एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म भरून झाला, मी लॅपटॉप मिटला, तेव्हा म्हणाला, "मॅडम, हे फॉर्मवर नका लिहू." आणि मोबाइल पुढे केला.

रात्री साडेअकरा-बाराचे मेसेज. त्याच्या मॅनेजरचे, बाईचे. आधी कामाचे, मग 'आजचा टीशर्ट छान बसला होता', मग 'गर्लफ्रेंड नाही म्हणतोस, कोणी शिकवलंच नाही वाटतं'. काही जागी नुसतंच 'मेसेज डिलीट केला' असं दिसत होतं. बेंगळुरूला क्लायंटकडे दोघं गेले तेव्हा कॅबमध्ये मांडीवर हात. हॉटेलवर 'प्रेझेंटेशन माझ्या रूमवर संपवू' म्हणाल्या, हा लॉबीत बसून राहिला. त्यानंतर सात आठवड्यांनी रेटिंग आलं.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, रूमवरच्या मुलांना सांगितलं होतं. ते म्हणाले, फोटो दाखव की. घरी सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, तूच काहीतरी केलं असशील. आणि टीममध्ये तर त्याला 'मॅडमचा लाडका' म्हणायचेच.

मी ते सगळं ऐकून घेतलं, पण खरं सांगायचं तर त्याचा मेल वाचतानाच मला कळायला हवं होतं. हीच गोष्ट मुलीची असती तर 'चारवरून थेट दोन, तेही प्रवासानंतर' एवढ्यावर माझे कान टवकारले असते. नकार दिला की कामात मार बसतो, हा तर आमच्या प्रत्येक ट्रेनिंगमधला पहिला नमुना. पण समोर पुरुष होता, म्हणून मला फक्त रेटिंगचं भांडण दिसलं. आणि त्यालाही तेवढंच दाखवायचं होतं. पुरुष 'माझा छळ झाला' असं सहसा लिहीत नाही. 'अन्याय झाला', 'टार्गेट केलं' असं लिहितो. लाजेचा भाग गाळून उरलेलं लिहिलं की ती तक्रार अप्रेझलच्या ढिगाऱ्यात जाते, आणि तिथे तिचं काय होतं ते वर सांगितलंच.

आता कायद्याचं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करणारी व्यक्ती 'पीडित महिला' आहे, व्याख्येतच. त्रास देणारा पुरुषच असावा असं मात्र नाही. २०२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एका बाईची दुसऱ्या बाईविरुद्धची तक्रार या कायद्यात बसते असं म्हटलं. म्हणजे आरोप बाईवर होऊ शकतो, पण करणारीही बाईच लागते. पोलिसांत जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ 'पुरुषाने' केलेल्या लैंगिक छळाबद्दल आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ दोघांनाही लागू आहे, पण ते अश्लील मजकुरासाठी. 'टीशर्ट छान बसला' त्यात कसं बसणार?

याचा व्यवहारात अर्थ असा. बाईची तक्रार आली की समितीला ती घ्यावीच लागते, ९० दिवसांत चौकशी संपवावी लागते, तोवर तिची बदली किंवा रजा अशी सोय मागता येते, गुप्तता कायद्याने पाळावी लागते. त्या मुलाकडे यातलं काही नव्हतं. त्याच्यासाठी होता कंपनीचा आचारसंहितेचा नियम, म्हणजे एचआर मनावर घेईल तेव्हा आणि घेईल तसं. आणि मॅनेजर एकदा हसत हसत म्हणाल्या होत्या, "मी कमिटीत गेले तर तुझं काय होईल माहितीये ना?" तो त्या वाक्याला घाबरला होता. तक्रार झालीच असती तर त्याला तिची प्रत मिळाली असती, उत्तराला दहा कामाचे दिवस मिळाले असते, साक्षीदार देता आले असते. पण हे त्याला कोण सांगणार होतं? मीच सांगायला हवं होतं.

हे वाचून 'बघा, कायदाच बायकांच्या बाजूचा' म्हणत धावून येणाऱ्यांसाठी: थांबा जरा. समितीवर सहा वर्षांत ज्या बायका माझ्यासमोर रडल्या त्यांच्यासाठी तो कायदा आहे तसाच राहावा असं माझं मत आहे. पुरुषाची तक्रार फक्त बायकांची तक्रार खोटी पाडायला आठवते त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. माझं म्हणणं कंपन्यांच्या नियमांपुरतं आहे. कायदा किमान काय करायचं ते सांगतो, त्यापलीकडे जायला कंपनीला कोणी अडवलेलं नाही.

कोणाला असा त्रास होत असेल तर एवढं ऐका. मेसेज पुसू नका, फोन बदललात तरी जुना ठेवा. कधी, कुठे, कोण होतं, त्याच दिवशी वहीत लिहा. आणि ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका, मोह झाला तरी. डेटा बाहेर नेला म्हणून उलट तुमच्यावरच कारवाई होते, आणि मूळ तक्रार बाजूला राहते. हे मी होताना पाहिलंय. तक्रारीत पहिल्याच ओळीत लैंगिक वागणुकीचं लिहा, रेटिंगचं नंतर.

त्या मुलाचं काय झालं? तो थांबला नाही. त्याच्या परवानगीने मी वर कळवलं, मॅनेजरना 'समज' दिली गेली आणि दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं. बस. पीआयपी त्याच्या फाइलमध्ये तसंच राहिलं.

नंतर आम्ही आचारसंहितेच्या फॉर्मवरचं 'महिला कर्मचारी' बदलून 'कर्मचारी' केलं, चौकशीला तीच ९० दिवसांची मुदत लावली. लीगलकडून हे पास व्हायला आठ महिने लागले. मी निघेपर्यंत पुरुषांच्या दोन तक्रारी आल्या. पहिली एका पुरुष बॉसविरुद्ध निघाली. दुसरी बाई बॉसविरुद्ध, नव्या फॉर्मवर नव्हे, साध्या मेलवर आली.

विषय होता 'रेटिंगबाबत'. या वेळी मी त्याला बसायला सांगितलं आणि दार लावलं.